दुसऱ्या बीपपर्यंत

रविवारी दुपारी त्याने टीव्ही भिंतीला टेकवून उभा केला, वायर खोचली, गेमच्या डब्याचं बटण दाबलं, आणि काही झालं नाही.

डबा चालू झाला, हे खरं. बीप वाजला, पुढची पट्टी निळी झाली, मग पांढरी. आतला पंखा घुरघुरला. पण टीव्ही काळा. क्षणभर आणखी काळा झाला आणि मध्यभागी चौकोन आला: सिग्नल नाही.

त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. दुसऱ्या भोकात खोचली. चॅनेलवाल्याच्या डब्याची वायर याच्याला लावून पाहिली, याची त्याला. चॅनेल दिसत होते. बातम्या सांगणारी बाई चकचकीत दिसत होती, तिच्या कानातले डूलसुद्धा. म्हणजे टीव्ही ठीक, वायर ठीक. बिघडलेलं जे काय होतं ते डब्यात होतं, किंवा त्याच्यात.

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा हा माणूस. तिथे त्याला सगळे ‘महाराज’ म्हणत, कारण घरात एकेकाळी त्याने सगळ्यात मोठा टीव्ही घेतला होता आणि पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही बोललाच नव्हता. तो टीव्ही आता बायकोकडे होता. घरही बायकोकडे, मुलगीही. महाराजांच्या वाट्याला आला होता गेमचा डबा, दोन पिशव्या कपडे आणि ही खोली. खोलीत एक गादी, एक स्टूल आणि कालपासून हा बत्तीस इंची टीव्ही, चॅनेलच्या डब्यासकट. नवा कोरा, पण दुकानातला सगळ्यात गरीब.

वेगळं होताना भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघांत जीव लागतो, आणि तो दोघांचाही आधीच संपला होता. ठरलं होतं एवढंच: मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला इकडून तिकडे ओढायचं नाही. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता ती तिच्या डब्यावरून याच्या डब्यात यायची. दोघांनी मिळून गेममध्ये एक गाव बांधलं होतं, ठोकळ्या-ठोकळ्यांनी. नदी, पूल, कोंबड्यांचं खुराडं, आणि डोंगराच्या पोटात खणलेलं घर. गाव याच्या डब्यात साठवलेलं होतं. याने दार उघडलं की ती आत यायची. याचा डबा बंद म्हणजे गावच नाही.

दोन रविवार हुकले होते. टीव्हीच नव्हता तर काय करणार? कळवलं होतं त्याने, ‘या वेळी जमत नाही’ असं. दुसऱ्या वेळी मुलीचं उत्तर आलं होतं: ‘ठीक आहे.’ नुसतं ठीक आहे. ना रडकं तोंड, ना रागाचं. नऊ वर्षांच्या पोरीने ठीक आहे म्हणायला शिकावं, यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि तरीही त्याला त्या वेळी काही वाटलं नव्हतं. हीच तर गोम होती. गेले काही महिने त्याला काहीच वाटत नव्हतं. भूक लागली की खायचा, झोप आली की आडवा व्हायचा. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो ना, आणि मग गालावर चापट मारली तरी दुसऱ्याच्या गालावर मारल्यासारखी वाटते, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. त्याला फक्त माहीत होतं की तिसरा रविवार हुकला तर चौथ्याला पोरगी डबा चालूच करणार नाही. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. आपल्या बापाच्या बाबतीत त्याने स्वतः तेच केलं होतं.

त्याने डबा पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला.

दुरुस्तीवाला डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनच्या पोटात बोटं घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, “पडला का?”

“नाही.”

“पाणी?”

“नाही हो. टीव्ही बदलला फक्त.”

“टीव्ही बदलल्याने डबा बिघडत नाही. बायको बदलल्याने नवरा बिघडतो का?” तो स्वतःच हसला. गिऱ्हाईक हसलं नाही म्हटल्यावर भिंग काढून त्याने डबा हातात घेतला, काउंटरवरच्या जुनाट छोट्या पडद्याला जोडला. पांढरी पट्टी पेटली. पडदा काळाच.

“बघा. तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. दोन पडदे खोटं बोलत नाहीत. चित्राची चिप गेली, बोर्ड उघडायला लागेल.”

“आतलं सगळं राहील ना? साठवलेलं?”

“त्याची गॅरंटी नाही साहेब. बोर्डला हात लावायचा तर आधी सगळं पुसून घेतलेलं बरं. गेम काय, पुन्हा खेळता येतो.” मग जरा मवाळ होऊन, “ठेवून जा. आठवड्याने विचारा.”

त्याने डबा पिशवीत घातला आणि बाहेर पडला. पाठीमागून आवाज आला, “अहो, निदान झाकण उघडून तरी बघू द्या!” पण तो चालत राहिला. पोरीने दोन सुट्ट्या घालवून बांधलेलं गाव म्हणजे ‘पुन्हा खेळता येतो’. लोकांना दुसऱ्याचं घर पाडायला काय लागतं? एक ‘ठेवून जा’ पुरतं.

खोलीवर आल्यावर डबा परत जोडला. मुलीशी बोलायचा हेडफोन स्टुलावर पडला होता. काही करायचं म्हणून त्याने तो कानाला लावला, वायर गेम खेळायच्या रिमोटच्या खालच्या भोकात खोचली आणि रिमोट चालू केला.

कानात संगीत वाजलं.

ते मंद, लांबवर कुणीतरी पाणी ओतत असल्यासारखं संगीत, डबा चालू झाल्यावर नेहमी वाजणारं. त्याने अंगठ्याने बाण उजवीकडे दाबला. टिक. आणखी एकदा. टिक. आत मेनू होता. मेनू सरकत होता. डबा धडधाकट होता, फक्त अंधारात बसला होता.

तो तसाच काही वेळ टिकटिक ऐकत बसला. मग फोन उचलला. बायकोचा नंबर पहिल्या पानावर नव्हता, खूप खाली गेला होता.

ती मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीव्हीच्या विभागात उभी असायची. बसायला बंदी असलेलं काम. रविवारी तर दुकानात जत्रा. तरी चौथ्या रिंगला तिने फोन उचलला.

“पोरगी बरी आहे. घरी आहे, माझ्या आईजवळ,” ती म्हणाली. नमस्कार-चमत्कार नाही.

“मला माहीत आहे. डब्याचं चित्र येत नाही.”

पलीकडे नुसती दुकानाची गजबज. मग ती म्हणाली, “महाराज, माझ्या दुकानात आज रविवार आहे.”

“गाव त्या डब्यात आहे. दुरुस्तीवाला म्हणतो पुसायला लागेल.”

तिने फोन बाजूला धरला असावा, कारण तिचा गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू आला, साखरेत घोळलेला: “काका, भिंतीचं माप घेऊन या, मग सांगते.” मग साखर पुसून ती परत आली. “बोल लवकर. कुठला टीव्ही?”

“नवा. बत्तीस इंची.”

“आणि आधी डबा कशाला जोडला होता?”

“तुला माहीत आहे कशाला.”

“माहीत आहे. रोज पुसते मी त्याची काच. चित्र किती मोठं लावून ठेवलं होतंस त्यात? सेटिंगमध्ये?”

त्याला आठवलं, आणि आठवताना काही वाटलं नाही, फक्त चित्र दिसलं. मोठा टीव्ही आला त्या संध्याकाळचं. सोफ्यावर ती, मांडीवर पोरगी, आणि हा उभा, हातात रिमोट घेऊन, आरती करणाऱ्यासारखा. ती म्हणत होती, अरे ऑटोमॅटिकवर राहू दे, दुकानात आम्ही सगळ्यांना तेच सांगतो. आणि हा म्हणाला होता, ऑटोमॅटिक म्हणजे भीक. जेवढं आहे तेवढं सगळं दिसलं पाहिजे. यादीतला सगळ्यात वरचा आकडा त्याने स्वतःच्या हाताने निवडला होता.

“सगळ्यात मोठं,” तो म्हणाला.

“हाताने?”

“हाताने.”

“झालं तर मग.” तिच्या आवाजात विजय नव्हता. असता तर बरं. “ऐक. ऑटोमॅटिकवर असलं की डबा टीव्हीला आधी विचारतो, बाबा रे, तुला किती झेपतं? आणि तेवढंच पाठवतो. तू हाताने आकडा ठोकून ठेवलास की तो विचारणं सोडून देतो. मोठ्या टीव्हीला पाठवायचा तेच अजून पाठवतोय. तुझ्या बत्तीस इंचीला त्याच्या चौथ्या हिश्शाएवढंच झेपतं. तो म्हणतो, मला काही आलंच नाही.”

“दुरुस्तीवाल्याकडेही नाही आलं.”

“त्याचा पडदा कसा होता?”

“जुना. छोटा.”

“मग त्याने दोन मुक्यांना एकच प्रश्न विचारला. दर आठवड्याला दोन-तीन जण नवा टीव्ही परत घेऊन येतात याच्यापायी. खोक्यात घालून, सेलोटेप लावून, तोंड फुगवून.”

“मग सेटिंग बदलू कसं? काही दिसतच नाही.”

“सेफ मोड. त्यात डबा तुझं काही ऐकत नाही, सगळ्यात लहान चित्र पाठवतो. जे कुठल्याही टीव्हीला दिसतं, भंगारातल्यासुद्धा.” मग पुन्हा साखर: “हो ताई, आलेच, दोन मिनिटं.” मग परत: “पट्टी कुठल्या रंगाची आहे?”

“नारिंगी.” मघाशी फोन लावताना त्याने बटणाला टिचकी मारली होती.

“ते झोपलंय, बंद नाही. दाबून धर. पूर्ण विझेपर्यंत.”

त्याने धरलं. पट्टी लुकलुकली आणि विझली. पंख्याचा आवाज थांबला. खोली एकदम मोठी वाटली.

“आता पुन्हा दाब आणि सोडू नकोस. एक बीप येईल, सोडायचं नाही. मनात सातपर्यंत मोज. दुसरा बीप आला की सोड.”

बीप. त्याचं बोट आपोआप उचललं गेलं.

“सोडलंस,” ती म्हणाली.

“चुकून.”

“तुझं नेहमीचंच. पहिल्या आवाजाला उठून जायचं.” हे वाक्य डब्याबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळलं. दुकानात कुठल्या तरी टीव्हीवर मॅच चालू होती, लोक ओरडत होते. “पुन्हा बंद कर. पुन्हा धर,” ती म्हणाली.

या वेळी त्याने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं. बीप. थांब. अंगठ्याखाली बटण गरम झाल्यासारखं वाटलं. दुसरा बीप.

टीव्ही उजळला.

काळ्यावर जाडजूड, भुरकट पांढरी अक्षरं. म्हाताऱ्यांसाठी छापलेल्या पोथीसारखी. त्याने वाचून दाखवलं: “रिमोट यूएसबी केबलने जोडा आणि मधलं बटण दाबा.”

“बरोबर. इथे बिनवायरीचं चालत नाही. जोड.”

त्याच्याकडे एकच केबल होती, रस्त्यावरून घेतलेली चार्जिंगची. जोडली. रिमोटवर दिवा लुकलुकला. मधलं बटण दाबलं. अक्षरं हलली नाहीत. पुन्हा दाबलं. नाही.

“चार्ज होतंय, पण ओळखत नाही.”

“कसली केबल आहे?”

“फूटपाथवरची.”

“त्यात नुसती वीज जाते, निरोप जात नाही. आतल्या अर्ध्या तारा घातलेल्याच नसतात त्यांनी. दुसरी बघ.” मग हलक्या आवाजात, “माझा सुपरवायझर येतोय. केबल मिळाली की फोन कर. आणि ऐक. मेनूत सात ओळी असतात. दुसरी. फक्त दुसरी. सहावीला आणि सातवीला अंगठासुद्धा लावायचा नाहीस, त्यात सगळं पुसलं जातं. गाव, कोंबड्या, सगळं.”

“दुसरी.”

“साडेपाच होऊन गेलेत,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शेजारच्या खोलीत एक नर्स राहत होती. इतक्या दिवसांत तिच्याशी त्याचं बोलणं झालं होतं ते जिन्यातल्या दिव्याबद्दल, तेही एकदाच. त्याने दार वाजवलं. ती केस विंचरता विंचरता आली, तोंडात पिन.

“जुन्या फोनची केबल आहे का? बारीक तोंडाची? चांगल्या कंपनीची?”

तिने पिन काढली. “कुणाला शॉक द्यायचाय?”

“माझी मुलगी सहा वाजता येणार आहे.”

नर्सने त्याच्या खांद्यावरून मागे, त्याच्या उघड्या दारातून आत पाहिलं. गादी, स्टूल, भिंतीला टेकलेला टीव्ही. “इथे?”

“टीव्हीत.”

हा माणूस डोक्यावर पडलाय की काय, असं तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. पण नर्सना डोक्यावर पडलेल्यांची सवय असते. तिने ड्रॉवर उपसला, गुंडाळ्यांच्या गुंडाळ्या बाहेर काढल्या आणि त्यातली एक काळी, जाड केबल सोडवून दिली. “जुन्या फोनबरोबर खोक्यात आली होती. परत आणा हं. पुरुष केबल नेतात आणि मग त्यांची आठवण तेवढी राहते.”

ही केबल लावली. बटण दाबलं. रिमोटचा दिवा स्थिर झाला आणि पडद्यावर यादी उलगडली. सात ओळी, तिने सांगितल्या तशाच. पहिल्या ओळीवर पट्टा होता.

त्याने बायकोला फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही. सुपरवायझर.

त्याने बाण खाली दाबला. एकदा. पट्टा दुसऱ्यावर आला: रिझोल्यूशन बदला. त्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. अंगठा बटणावर टेकेना, आणि ते त्याला लांबून दिसत होतं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. गोदामात तो दोन टनांचा माल सहाव्या फळीवर चढवायचा, खाली माणसं उभी असायची, तेव्हा हा अंगठा कधी अडला नव्हता.

होय की नाही, असं डब्याने विचारलं. तो ‘होय’ वर आला आणि दाबलं.

पडदा काळा झाला.

काळाच राहिला. बीप झाला, पट्टी निळी झाली. या डब्याने आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ घेतला, किंवा त्याला तसं वाटलं. मग पडद्यावर रंग आला. पुसट, कडा विरघळलेला, पण रंग. मग टीव्हीच्या स्पीकरमधून ते पाणी ओतल्याचं संगीत, आणि मग चौकोनांची रांग. पहिल्या चौकोनात गावाचं चित्र होतं.

तो सेटिंगमध्ये गेला. चित्राचा आकडा निवडायची यादी तीच होती, सगळ्यात वरचा आकडाही तोच. त्याने अंगठा खाली नेला, ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवला आणि दाबलं. क्षणभर अंधार, मग चित्र परत आलं, आणि या वेळी कडा नीट होत्या. मोठ्या टीव्हीवर होतं त्याच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. पण सगळं ओळखू येत होतं.

सहा वाजून गेले होते. त्याने गाव उघडलं. पूल, नदी, खुराडं. डोंगराच्या पोटातल्या घरात तो उभा होता, एकटा. बाकी कुणी आत आलेलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात मित्रांची यादी होती, त्यात एकच नाव, आणि त्यापुढे राखाडी ठिपका.

तो उभा राहिला. गेममध्येही, खोलीतही. स्टुलावर बसायचं त्याला सुचलं नाही. फोन स्टुलावर उजळला. बायकोचा निरोप होता: ‘आलं का चित्र? मी घरी फोन केलाय. तिने डबा बंद केला होता. थांब म्हटलंय.’

त्याने ‘आलं’ एवढंच लिहिलं. आणखी काही लिहायला हवं होतं. शब्द काय असायला हवे होते, तेही त्याला कळत होतं. पण ते हातापर्यंत येईनात.

मग ठिपका हिरवा झाला. नदीपलीकडे हवेत एक छोटी आकृती उमटली, डोक्यावर भोपळा घातलेली. ती पुलावर आली आणि थांबली. हेडफोनमध्ये आधी श्वास ऐकू आला, नाक चोंदलेला.

“आई म्हणाली थांब. म्हणून परत लावला,” मुलगी म्हणाली.

“हो.”

“मी अर्धाच तास आहे. मग मैत्रिणीच्या गावात जायचंय. आम्ही नवीन काढलंय.”

“चालेल.”

ती डोंगरातल्या घरात आली, भिंतींकडे पाहिलं, कुदळ काढली आणि मागच्या भिंतीत खणायला लागली. त्यानेही कुदळ काढली. ठक, ठक. दोघं शेजारी शेजारी दगड फोडत राहिले. ठोकळे उडत होते, पिशवीत पडत होते. आनंद व्हायला हवा, असं त्याला वाटलं, आणि तो वाट पाहत राहिला, बसस्टॉपवर पाहतात तशी, समोरून येईल म्हणून. आला नाही. पण हा निघूनही गेला नाही. हात चालवत राहिला.

“बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?” ती म्हणाली.

“कसा?”

“घुमतोय. तुम्ही विहिरीत असल्यासारखा.”

त्याने खोलीकडे पाहिलं. “खोलीत काही नाही ना, म्हणून.”

ती खणायची थांबली. भोपळ्याचं डोकं त्याच्याकडे वळलं. ती काही विचारणार असं त्याला वाटलं. कुठली खोली, का, कधीपर्यंत.

“मग काहीतरी आणून ठेवा की,” ती म्हणाली. “एक खुर्ची तरी आणा. दोन लागतील, मी येईन तेव्हा.”

“दोन आणतो.”

“पुढच्या रविवारपर्यंत,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून पुन्हा खणायला लागली.